जुलैचे चार हजार आणि एक सिलिंडर

‘‘आम्ही तिघी मैत्रिणी पुण्यात कर्वेनगरला एकत्र राहतो. भाडे 21,000, म्हणजे प्रत्येकी 7,000. घरमालकांना दर महिन्याच्या 5 तारखेला मीच पूर्ण रक्कम पाठवते. आमच्यातल्या एकीने जुलैचे 3,000च दिले आणि ऑगस्टचे काहीच दिले नाही. किराणा, दूध, भाजीही मीच भरते. वहीत जूनचे 4,200, जुलैचे 4,950 आणि ऑगस्टचे 3,900 आहेत; तिघींत समान वाटणी असते. जूनपासून तिचा वाटा आलेला नाही. राखीपौर्णिमेला ती 12 दिवस गावी होती. जुलैत सिलिंडर तिने भरला होता, 855 रुपयांचा. तो मी वहीत धरलेला नाही. स्वयंपाकघरात बोलता बोलता दोनदा विषय काढला, ती ‘हो गं, देते’ म्हणाली. तिचा पगार 7 तारखेला होतो. मी लिहिलेला मेसेज असा: ‘किती वेळा सांगितलं तरी तू पैसे देत नाहीयेस. भाडं आणि किराणा मिळून जवळपास 16000 झालेत. मी काही तुझी बँक नाही, मलाही घरी पैसे पाठवायचे असतात. प्लीज लवकरात लवकर टाक. राग मानू नकोस.’ मैत्री न तुटता पैसे यावेत असा हा नीट करून द्याल का? आणि नाहीच आले तर घरमालकांना सांगू का?’’

मेसेजला हात घालण्याआधी आपण वहीला हात घालू, कारण तुमच्या मसुद्यातली सर्वांत धोक्याची गोष्ट ‘मी काही तुझी बँक नाही’ हे वाक्य नसून ‘जवळपास 16000’ हे दोन शब्द आहेत. बोचरे वाक्य वाचून माणूस दुखावतो, पण फुगलेला आकडा वाचून तो भांडायला उभा राहतो, आणि मग मूळ देणे बाजूला पडून सगळे बोलणे त्या फुगवट्यावर होते. तुमच्या मैत्रिणीला सिलिंडर नक्की आठवत असणार. ज्याने एखादा खर्च एकदाच केलेला असतो, त्याच्या तो फार स्पष्ट लक्षात राहतो. तुम्ही 16,000 म्हणालात की तिच्या मनात पहिला विचार ‘आणि मी भरलेला सिलिंडर?’ हाच येईल, आणि तो विचार रास्त असल्यामुळे तुमच्याकडे त्यावर उत्तर नसेल.

आता आकडे मांडू. भाड्याचे जुलैचे 4,000 आणि ऑगस्टचे 7,000 मिळून 11,000 होतात आणि त्यात वादाला जागा नाही. किराण्याचे जूनचे 1,400, जुलैचे 1,650 आणि ऑगस्टचे 1,300 मिळून तिचा वाटा 4,350 होतो. सिलिंडर तिघींनी वापरला, म्हणून 855 चे तीन भाग केले तर प्रत्येकीचे 285 होतात, आणि तुम्हा दोघींकडून तिला 570 येणे निघते. ते वजा करता 3,780 उरतात.

राहिले गावी गेल्याचे 12 दिवस. तुम्ही पाठवलेल्या वहीच्या फोटोत ऑगस्टच्या 3,900 पैकी 2,100 तांदूळ, डाळ, तेल, साबण अशा वस्तूंचे आहेत आणि 1,800 दूध व भाजीचे. डब्यात भरून ठेवलेला किराणा ती परतल्यावरही वापरतच होती, तेव्हा त्यात दिवस मोजण्याचे कारण नाही. दूध-भाजीत मात्र ते मोजता येतात. तुम्ही दोघी 31 दिवस घरी होतात आणि ती 19 दिवस, म्हणजे एकूण 81 ताटांचे दिवस झाले. 1,800 ला 81 ने भागले तर दिवसाला साधारण 22 रुपये येतात आणि तिच्या 19 दिवसांचे सुमारे 422 होतात. समान वाटणीत तिच्याकडून 600 धरले गेले होते. म्हणजे सगळा फरक 178 रुपयांचा आहे. ही आकडेमोड मी तुम्हाला यासाठी करून दाखवली की तिच्या मनात हा फरक कदाचित हजाराच्या घरातला असेल, आणि तुमच्या मनात तो शून्य आहे. तिने विचारण्याआधी तुम्हीच सरळ 200 कमी करा. मागून सोडलेले 200 तडजोड वाटतात, तर आधीच सोडलेले 200 पाहून वही निष्पक्षपणे लिहिली आहे याची खात्री पटते, आणि ती पटल्यावर उरलेला आकडा तपासण्याची इच्छाही कमी होते. आता किराण्याचे 3,580 आणि एकूण 14,580 झाले. तुमच्या अंदाजापेक्षा ही रक्कम 1,420 रुपयांनी कमी आहे, आणि मैत्री बिघडायला एवढी रक्कम पुष्कळ झाली असती.

सिलिंडर आणि दूध-भाजीची सूट हिशेबात आल्यामुळे तिसऱ्या मैत्रिणीकडून तुम्हाला 285 आणि 100, असे 385 रुपये येणे निघतात. तिला हे आधी सांगा आणि तिची संमती घ्या. तिला न विचारता तिच्या वतीने 100 रुपये सोडले, तर एक रुसवा मिटवताना दुसरा सुरू होईल.

आता मसुद्याकडे वळू. ‘किती वेळा सांगितलं तरी’ हे शब्द काढून टाका. ते कटू आहेत म्हणून तर काढावेतच, पण ते खरेही नाहीत. पोळ्या लाटताना ‘अगं, ते पैशांचं बघ ना’ असे दोनदा म्हणणे आणि ‘तुझे इतके रुपये अमुक तारखेपर्यंत हवे आहेत’ असे सांगणे यांत फरक आहे. तुम्ही रक्कम सांगितली नव्हती, तारीखही सांगितली नव्हती, आणि ‘हो गं, देते’ हे त्या मोघम बोलण्याला मिळालेले मोघम उत्तर होते. तुमच्या दृष्टीने ही तिसरी आठवण असली, तरी तिच्या दृष्टीने आकडा आणि तारीख असलेली ही पहिलीच मागणी असणार आहे. म्हणून तिचा सूर पहिल्या मागणीचाच असायला हवा.

‘तू पैसे देत नाहीयेस’ या वाक्यावर थोडे थांबावेसे वाटते, कारण इथे मराठीच आपल्या मदतीला येते. ‘तू दिले नाहीस’ म्हटले की वाक्याचा कर्ता ती होते, आणि नकार थेट तिच्या वागण्याला चिकटतो. ‘दिले गेले नाहीत’ म्हटले की कर्ता नाहीसा होतो, पण भाषा सरकारी पत्रासारखी होते. या दोहोंच्या मधोमध आपल्याकडे ‘राहणे’ हे क्रियापद आहे: ‘जुलैचे 4,000 यायचे राहिले आहेत.’ इथे कर्ता पैसे आहेत; रक्कम आणि महिना दोन्ही स्पष्ट आहेत; आणि ‘राहून गेले असेल’ ही सवलत शब्दातच दडलेली असल्यामुळे ‘तुझ्या लक्षात आलं नसेल कदाचित’ असे निराळे म्हणावे लागत नाही. ते निराळे म्हणू नयेच, कारण लेखी मजकुरात ते टोमण्यासारखे वाचले जाते.

मात्र हा मऊपणा संपूर्ण मेसेजभर पसरू देऊ नका. माहिती देणारी वाक्ये ‘राहिले आहेत’, ‘वजा केले’, ‘यात धरलेलं नाही’ अशी असू द्यात, पण मागणीचे वाक्य तिला उद्देशूनच हवे आणि त्यात ‘तू’चे रूप हवे: ‘10 तारखेपर्यंत पाठवशील का?’ तिथेही ‘पैसे आले तर बरं होईल’ असे लिहिले, तर कुणी काय करायचे आहे तेच वाक्यातून निघून जाते आणि तुम्ही नुसतीच इच्छा व्यक्त केल्यासारखे होते. ‘टाक’ हा शब्द बोलण्यात अगदी सहज चालतो, आपण सगळेच ‘जीपेवर टाक’ म्हणतो. पण चौदा हजारांच्या मागणीत तो आज्ञेसारखा वाचला जातो. ‘पाठवशील का’ हा प्रश्न आहे आणि प्रश्नाला उत्तर द्यावे लागते, ही त्याची दुसरी जमेची बाजू. असा प्रश्न असला की ‘प्लीज’ची गरज उरत नाही. रागाच्या वाक्यांमागून आलेले ‘प्लीज’ तर विनंती न वाटता दात आवळून म्हटल्यासारखे वाटते.

‘मी काही तुझी बँक नाही’ याच्या जागी, त्या वाक्यामागे जी खरी गोष्ट आहे ती लिहा: दोन्ही महिन्यांचे पूर्ण भाडे तुम्ही भरलेले आहे. एवढे पुरते. घरी पैसे पाठवायचे असतात हे खरे असले तरी ते लिहू नका, कारण एकाला दुसरे कारण जोडले की मागणीची कैफियत होते, आणि समोरची व्यक्तीही आपल्या अडचणी मोजून दाखवू लागते. मग कुणाची गरज मोठी, हा प्रश्न उभा राहतो. तिच्या वाट्याचे पैसे तुमच्याकडे यायला हवेत ते तुमच्या खात्यातून गेले आहेत म्हणून. तुम्ही अडचणीत नसतात तरी ते यायलाच हवे होते.

‘लवकरात लवकर’ ऐकायला निकडीचे वाटते, पण त्यात तारीख नाही. त्याहून फसवे म्हणजे ‘जमेल तसं दे’. तुमच्या मसुद्यात ते नाही, पण तो सौम्य करायला बसलात की पहिल्यांदा हेच शब्द सुचतील, म्हणून आधीच सांगते. माझ्या पहिल्या नोकरीच्या दिवसांत आम्ही चौघी एका जुन्या वाड्यातल्या दोन खोल्यांत राहत होतो, आणि एका मैत्रिणीने माझ्या वाट्याचे सहाशे रुपये भरल्यावर ‘जमेल तसे दे’ अशी चिठ्ठी वहीत ठेवली होती. मी ते पैसे चार महिन्यांनी दिले. माझी नियत वाईट नव्हती, पण दर पगाराला ज्या देण्यांना तारीख होती ती आधी जात राहिली आणि ज्याला तारीख नव्हती ते मागे पडत राहिले. त्या चार महिन्यांत तिच्या बोलण्यातला मोकळेपणा कमी कमी होत गेला, आणि त्याचे कारण मला पैसे दिल्यावरच समजले. तेव्हा तारीख घालणे म्हणजे कठोरपणा, असे कृपया समजू नका.

‘राग मानू नकोस’ हेही जाऊ द्या, कारण ते वाचणारी परत वर जाऊन राग मानण्यासारखे काय लिहिले आहे ते शोधते. सौम्य करण्याच्या नादात मेसेज औपचारिक होऊ नये, याचीही काळजी घ्या. ‘थकबाकी’, ‘उर्वरित रक्कम’, ‘नोंद घ्यावी’ हे शब्द वीजबिलावर शोभतात. एका चुलीवर जेवणाऱ्या मैत्रिणींत ते अंतर पाडतात, आणि रोज ‘तू’ म्हणणाऱ्या मैत्रिणीला एकाएकी ‘आपण’ म्हटले तर ती शिवी दिल्याइतकी दुखावते. ‘राहिलेले पैसे’, ‘हिशेब’, ‘वाटा’ हे घरचे शब्द आहेत आणि ते पुरेसे नेमके आहेत.

तारीख कोणती, हे तिच्या पगारावरून ठरते. 7 तारखेला पगार होतो म्हटल्यावर 10 ही तारीख सोयीची आहे. पण इथे तुमच्या मसुद्यात मुळीच न आलेली एक गोष्ट पाहायला हवी: याच 5 तारखेला सप्टेंबरचे भाडेही देय आहे. म्हणजे प्रत्यक्षात तुम्ही तिच्याकडे एका महिन्यात 14,580 आणि 7,000, असे 21,580 रुपये मागत आहात. तिला एका पगारातून हे काढणे बहुधा शक्य होणार नाही, आणि जे अशक्य आहे ते मागितले की माणूस काहीच न देता गप्प बसतो. म्हणून दोन हप्त्यांचा पर्याय तुम्हीच सुचवा, मात्र आकडे घालून. जुलैच्या भाड्याचे 4,000 आणि किराण्याचे 3,580 मिळून 7,580 होतात, ते 10 सप्टेंबरला. आणि ऑगस्टच्या भाड्याचे 7,000, ते 10 ऑक्टोबरला. अशाने दोन्ही महिन्यांत चालू भाडे धरून तिच्यावर साधारण चौदा हजारांच्या आसपास भार येतो. अर्थात तुम्हाला आणखी महिनाभर 7,000 अडकलेले परवडत असतील तरच हे लिहा. मनात कुढत दिलेली सवलत ऑक्टोबर उजाडेपर्यंत टिकत नाही.

सप्टेंबरचे भाडे या रकमेत धरलेले नाही, हे वाक्य मेसेजमध्ये आवर्जून हवे. ते नसेल तर पुढे काय होते ते सांगते. 8 तारखेला तिच्याकडून 7,000 येतात. ती समजते की सप्टेंबरचे भाडे दिले, तुम्ही समजता की ऑगस्टचे आले, आणि ऑक्टोबरमध्ये दोघीही आपापल्या जागी खऱ्या असूनही एकमेकींना खोटे ठरवतात. एकत्र राहणाऱ्यांची पैशांवरून होणारी भांडणे, जी पत्रांतून माझ्याकडे येतात, त्यांतली बरीच अशी कुठल्या महिन्याचे पैसे यावरून झालेली असतात.

हे सगळे ध्यानात घेऊन मेसेज असा होतो. आरंभी तिला ज्या नावाने हाक मारता तेच नाव लिहा.

‘‘हिशेबाचं तुझ्याशी थोडं बोलायचं होतं. बोलता बोलता आकडे राहून जातात, म्हणून लिहून पाठवते आहे.

भाडं: जुलैचे 4,000 आणि ऑगस्टचे 7,000, असे 11,000 यायचे राहिले आहेत. दोन्ही महिन्यांचं पूर्ण भाडं मी भरलं आहे.

किराणा: जून ते ऑगस्ट तुझा वाटा 4,350. त्यातून तू भरलेल्या सिलिंडरचे आमच्या दोघींचे 570 आणि तू गावी होतीस त्या दिवसांच्या दूध-भाजीचे 200 वजा केले. राहिले 3,580. वहीचा फोटो सोबत आहे, काही चुकलं असेल तर सांग.

एकूण 14,580. सप्टेंबरचं भाडं यात धरलेलं नाही.

10 तारखेपर्यंत पाठवशील का? एकदम जड जात असेल तर 10 सप्टेंबरला 7,580 आणि ऑगस्टच्या भाड्याचे 7,000 10 ऑक्टोबरला, असंही चालेल. यातलं काय जमेल ते परवापर्यंत कळव, म्हणजे मला तसं धरून चालता येईल.’’

मेसेज तुमच्या मसुद्यापेक्षा बराच लांब झाला आहे, आणि लांबीला घाबरण्याचे कारण नाही. कमी शब्दांत मागितले की मागणी आपोआप सौम्य होते असा समज आहे. पण ‘ते पैसे पाठव ना’ या चार शब्दांच्या मागे तिने वही शोधायची, बेरीज करायची, कुठला महिना ते आठवायचे, अशी सगळी कामे तिच्यावर पडतात, आणि कंटाळ्याने ती उद्यावर जातात. या मेसेजनंतर तिला फक्त पैसे पाठवायचे आहेत किंवा दोन पर्यायांतला एक निवडायचा आहे. यातली 570 ची ओळ तर काही झाले तरी गाळू नका. तिच्याकडून मागताना तिला देणे असलेलेही तुम्ही स्वतःहून मोजले, हे त्या एका ओळीतून कळते, आणि ‘आपल्यात काय हिशेब’ वगैरे जिव्हाळ्याच्या वाक्यांना जे साधत नाही ते तिथे साधते.

मेसेज तिच्या एकटीच्या नंबरवर पाठवा, तिघींच्या ग्रुपवर नको. तिथे तिसरी मैत्रीण काही न बोलतासुद्धा साक्षीदार होते आणि देणारीला मान खाली घालावी लागते. याच कारणाने मेसेजमध्ये ‘आम्हा दोघींना असं वाटतं’ असे कुठेही येऊ देऊ नका. ‘आमच्या दोघींचे 570’ हे चालते, कारण ते तिच्या बाजूचे आहे. वेळ म्हणाल तर पगाराआधी, म्हणजे 3 किंवा 4 तारखेला संध्याकाळी, ती जेवून निवांत बसली असेल तेव्हा पाठवा, जेणेकरून पगार हाती येण्याआधीच त्यातली ही रक्कम तिच्या मनात बाजूला पडेल. रात्री अकराला पाठवाल तर दिव्याखाली एकटीने वाचलेला तोच मजकूर दुप्पट टोचतो. आणि पाठवल्यावर पाच मिनिटांत तिच्या खोलीत जाऊन ‘मेसेज बघितलास का?’ असे विचारू नका. लिहून पाठवण्याचा मुख्य उपयोगच हा आहे की तिला तुमच्यासमोर चेहरा सांभाळावा लागत नाही. सकाळी चहाला मात्र नेहमीप्रमाणे हाक मारा.

परवापर्यंत उत्तर आले नाही, तर नवे काही न लिहिता त्याच मेसेजला जोडून एवढेच विचारा: ‘एकदम जमेल की दोन हप्त्यांत?’ यात पैसे द्यायचे की नाही हा प्रश्नच उरत नाही, फक्त कसे द्यायचे तेवढा राहतो. ती म्हणाली की ‘किराण्याचे इतके कसे, मी तर बहुतेक दिवस ऑफिसातच जेवते’, तर लगेच वही उघडून एकेक दिवस सिद्ध करत बसू नका. भाडे आणि किराणा असे दोन भाग केले ते नेमके यासाठीच. ‘भाड्याचं ठरल्याप्रमाणे पाठव, किराण्याचं रविवारी वही घेऊन तिघी बसू’ असे उत्तर दिले की वाद 3,580 पुरता राहतो आणि 11,000 त्यात ओढले जात नाहीत. रविवारी तिचे म्हणणे खरे निघाले, तर पुढच्या महिन्यापासून किराणा समान आणि दूध-भाजी दिवसांप्रमाणे, अशी वाटणी ठरवता येईल. मागच्या तीन महिन्यांची वही मात्र नव्या नियमाने परत लिहू नये, कारण त्या वेळी तिघींना समान वाटणीच मान्य होती.

आणि समजा तिने लिहिले की नोकरीत अडचण आहे, पगारच झालेला नाही. मग आकड्यांचे बोलणे मेसेजवर पुढे रेटू नका. त्या संध्याकाळी तिच्याजवळ बसा, आधी तिचे ऐका, आणि 14,580 ची बाकी तशीच ठेवून फक्त एवढे ठरवा की सप्टेंबरचे भाडे कसे निघेल आणि या विषयावर पुन्हा कोणत्या तारखेला बोलायचे. दोन महिने ती जे बोलू शकली नाही त्याचे कारण हेच असू शकते, आणि हा मेसेज तिच्यासाठी बोलण्याची पहिली संधी ठरू शकतो.

घरमालकांना सांगण्याच्या प्रश्नाचे उत्तर ‘नको’ असे आहे, आणि ते केवळ मैत्रीखातर नाही. महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा 1999 च्या कलम 55 प्रमाणे तुमचा करार लेखी आणि नोंदणीकृत असायला हवा. तो काढून एकदा वाचा. तिघींची नावे असली तरी अशा करारांत भाडे सहसा 21,000 अशी एकच रक्कम म्हणून लिहिलेले असते, त्यात 7,000चे तीन वाटे नसतात. घरमालकांच्या दृष्टीने भाडे वेळेवर पोचले आहे, तेव्हा त्यांना करण्यासारखे काही नाही. उलट या घरात भाड्यावरून कुरबुर आहे एवढेच त्यांच्या ध्यानात राहील आणि करार नवा करताना तिघींनाही ते जड जाईल. ‘डिपॉझिटमधून कापून घेईन’ असेही मेसेजमध्ये लिहू नका. डिपॉझिट तुमच्या हातात नाही, ते घर सोडतानाच परत मिळते, आणि ते वाक्य तिला असेच ऐकू येईल की तुम्ही तिच्या जाण्याचा हिशेब मांडून बसला आहात.

10 तारखेला 7,580 आले की त्याच दिवशी, त्याच मेसेजखाली लिहा: ‘7,580 मिळाले. जुलैचं भाडं आणि ऑगस्टपर्यंतचा किराणा पूर्ण झाला. ऑगस्टच्या भाड्याचे 7,000 राहिले, ते 10 ऑक्टोबरला.’ वहीतही त्या तीन महिन्यांच्या पानांवर तिच्या नावापुढे ‘मिळाले’ लिहून तारीख घाला आणि वही नेहमीच्या जागी, फ्रिजवर, तिला सहज दिसेल अशी ठेवा. त्याच पानावर, ज्या महिन्यात भरला त्या महिन्याच्या खाली, 855 रुपयांचा सिलिंडरही आता तिच्या नावाने लिहून टाका.